स्थायी आदेशांच्या यादीत मोबाइलचा उल्लेख नाही, तरीही चार्जशीट देता येते का?

टूलरूम_चाकण

चाकण भागातील वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी काम करतो. कायम कामगार सुमारे 180 आहेत, कंत्राटी वेगळे. आमच्या प्रेसशॉपमधील एका सहकाऱ्याला गेल्या आठवड्यात चार्जशीट मिळाली असून त्याबाबत जाणकारांचे मत हवे आहे.

एका प्रेसचा सुरक्षा गार्ड काढून बाजूला ठेवलेला होता आणि तरीही त्या मशीनवर उत्पादन सुरू होते. पाळी संपताना सहकाऱ्याने मोबाइलवर त्याचा फोटो काढला आणि रात्री घरी गेल्यावर तो आम्हा कामगारांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात टाकला. गटात फक्त आमच्याच कारखान्यातील लोक आहेत. चार्जशीटमध्ये तीन आरोप आहेत: वरिष्ठांच्या आदेशाची हेतुपुरस्सर अवज्ञा, कारखान्याची गोपनीय माहिती उघड करणे आणि शिस्तीला बाधक वर्तन.

शॉप फ्लोअरवर मोबाइल आणू नये अशी एचआरच्या सहीची इंग्रजी नोटीस काही महिन्यांपूर्वी कॅन्टीनजवळ चिकटवली होती. स्थायी आदेशांचा, म्हणजे नोकरी आणि शिस्तीच्या प्रमाणित नियमांचा, फलक मुख्य गेटच्या आत काचेच्या पेटीत आहे. तोही इंग्रजीत आहे आणि ऊन लागून अर्धा वाचता येत नाही. प्रेसशॉपमधील निम्म्याहून अधिक लोक आता हिंदी भाषक आहेत. ज्यांना मराठी येते त्यांनासुद्धा गैरवर्तनाची यादी कधी कोणी वाचून दाखवलेली नाही.

माझे दोन प्रश्न आहेत. यादीत नसलेल्या गोष्टीसाठी शिक्षा होऊ शकते का? आणि जो नियम आमच्या भाषेत आम्हाला सांगितलाच नाही, तो आम्हाला लागू होतो का?

सातपूर_युनियन

दोन्हींची उत्तरे स्पष्ट आहेत. सर्वोच्च न्यायालयाने 1983 मधील ग्लॅक्सो लॅबोरेटरीजच्या निकालात सांगितले आहे की, जे कृत्य स्थायी आदेशांत गैरवर्तन म्हणून लिहिलेले नाही, त्यासाठी मालक शिक्षा करू शकत नाही. मोबाइल यादीत नाही, म्हणजे विषय संपला. शिवाय 1946 च्या स्थायी आदेश कायद्याच्या कलम 9 प्रमाणे स्थायी आदेश इंग्रजीबरोबरच बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावावे लागत होते. ते तसे लावलेले नसतील तर तुमच्या कारखान्याचे स्थायी आदेश कायद्याने अस्तित्वातच नाहीत. त्या चार्जशीटला उत्तरसुद्धा देऊ नका. उत्तर दिले म्हणजे ती मान्य केली, असा अर्थ निघतो.

टाइमऑफिस_निवृत्त

सातपूर_युनियन यांच्या मांडणीचा पाया बरोबर आहे, परंतु शेवटचा सल्ला कामगाराची नोकरी घालवू शकतो. म्हणून थोडे सविस्तर लिहितो. मी खासगी कारखान्यांच्या टाइम ऑफिसमध्ये आणि पुढे कार्मिक विभागात नोकरी केली आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंची कागदपत्रे पाहिली आहेत.

प्रथम चार्जशीटबद्दल. उत्तर दिल्याने आरोप मान्य होत नाहीत. उत्तर न दिल्यास मात्र चौकशी एकतर्फी होण्याची वाट मोकळी होते. महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांत, म्हणजे सरकारने ठरवलेल्या नमुन्यात, चार्जशीट स्वीकारण्यास नकार देणे हेच स्वतंत्र गैरवर्तन म्हणून लिहिलेले आहे. म्हणजे आज ज्या कामगारावर तीन आरोप आहेत, त्याच्यावर चौथा आरोप आपण आपल्या हाताने लादू. त्याने चार्जशीट घ्यावी, ‘प्रत मिळाली, मजकूर मान्य नाही’ असे लिहून सही व तारीख टाकावी, आणि दिलेल्या मुदतीत लेखी खुलासा द्यावा.

आता यादीचा प्रश्न. आपल्याकडे गैरवर्तनाची यादी आदर्श स्थायी आदेशांच्या 24 व्या क्रमांकात आहे आणि शिक्षा व चौकशीची पद्धत 25 व्या क्रमांकात. बहुतेक कारखान्यांचे प्रमाणित स्थायी आदेश त्याच साच्यावर बेतलेले असतात. चोरी, लाच, बेकायदा संप, रजेशिवाय सलग दहा दिवसांहून अधिक गैरहजेरी, जुगार, मनाई असलेल्या जागी धूम्रपान, परवानगीशिवाय आवारात सभा घेणे अशा नेमक्या गोष्टी त्या यादीत आहेत. मोबाइल त्यात असण्याचा प्रश्नच नाही, कारण तो साचा मोबाइल येण्यापूर्वीचा आहे. पण त्याच यादीत काही मोठ्या पोटाची कलमेही आहेत: वरिष्ठांच्या ‘कायदेशीर व वाजवी’ आदेशाची हेतुपुरस्सर अवज्ञा, मालकाने जाहीर केलेल्या सुरक्षा सूचना न पाळणे, कामाच्या ओघात हाती आलेली गोपनीय माहिती अनधिकृत व्यक्तीला देणे, आणि आवारात शिस्तीला बाधक कृत्य करणे. मोबाइलसारखी नवी गोष्ट आली की व्यवस्थापन तिला यांपैकी एका कलमात बसवते. तुमच्या चार्जशीटमध्ये नेमके तेच झाले आहे. त्यामुळे ‘यादीत मोबाइल शब्द नाही’ एवढे म्हणून भागत नाही. त्या त्या कलमातील प्रत्येक शब्द या घटनेला लागू पडतो का, हे पाहावे लागते.

ग्लॅक्सोचा निकाल इथे उपयोगी पडतो, पण थोड्या वेगळ्या कारणाने. त्या प्रकरणात कामावर जाणाऱ्या कामगारांवर कारखान्याबाहेर हल्ला केल्याचा आरोप होता आणि स्थायी आदेशांतील कलम ‘आवारात किंवा आवाराच्या निकट’ केलेल्या कृत्यापुरते होते. मालकाचे म्हणणे असे की, कृत्याचा परिणाम कारखान्यावर होत असेल तर ते कुठेही घडले तरी चालेल. न्यायालयाने ते नाकारले. ज्या तरतुदीने माणसाची नोकरी जाऊ शकते, ती दंडात्मक आहे, म्हणून तिचे शब्द काटेकोरपणे वाचले पाहिजेत, आणि कोणत्या वागण्याला शिक्षा आहे हे कामगाराला आधी कळले पाहिजे, असा त्या निकालाचा रोख आहे. तुमच्या सहकाऱ्याने फोटो पाठवला तो घरून, रात्री. ‘आवारात’ हा शब्द तुमच्या स्थायी आदेशांतील शिस्तभंगाच्या कलमात असेल, तर फोटो पाठवण्याची कृती त्या कलमात बसवणे व्यवस्थापनाला अवघड जाईल. फोटो काढण्याची कृती मात्र आवारातच घडली आहे, हे विसरू नका.

एक अडचण आणखी आहे. 1976 मध्ये हिंदुस्तान मोटर्सच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेच म्हटले होते की, स्थायी आदेशांतील यादी गैरवर्तनाचे सगळे प्रकार सामावून घेऊ शकत नाही आणि एखादे कृत्य यादीत नसूनही विशिष्ट परिस्थितीत गैरवर्तन ठरू शकते. व्यवस्थापनाचे वकील तो निकाल दाखवतात, कामगारांचे वकील ग्लॅक्सो दाखवतात. त्यामुळे ‘विषय संपला’ असे मी म्हणणार नाही.

फलकाबद्दल थोड्या वेळाने लिहितो, कारण तो मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

जिप_कर्मचारी

जिल्हा परिषदेत आम्हाला वर्तणूक नियम आणि शिस्त व अपील नियम लागू आहेत. त्यात वरिष्ठांची परवानगी न घेता कार्यालयीन माहिती बाहेर दिल्यास कारवाई होते. तुमच्या सहकाऱ्याने विभागप्रमुखाकडे अपील करावे. नियमांची पुस्तिका आस्थापना शाखेत मिळेल.

टाइमऑफिस_निवृत्त

आपण सांगता ते सरकारी आणि जिल्हा परिषदेच्या सेवेतील नियम आहेत. ते शासन एकतर्फी करते. खासगी कारखान्याचे स्थायी आदेश वेगळ्या रीतीने तयार होतात. मालक मसुदा करतो, कामगार खात्याचा प्रमाणन अधिकारी तो युनियनकडे पाठवतो, युनियन नसल्यास कामगारांच्या प्रतिनिधींकडे. हरकतींसाठी 1946 च्या कायद्यात 15 दिवस दिलेले होते. अधिकारी दोन्ही बाजू ऐकतो, मसुदा वाजवी आहे की नाही हे तपासतो आणि मग प्रमाणित करतो. 1956 च्या दुरुस्तीपूर्वी त्याला वाजवीपणा तपासण्याचा अधिकारच नव्हता. मसुदा आदर्श आदेशांशी जुळतो का, एवढेच तो पाहत असे.

याची मुळे मुंबईच्या गिरण्यांत आहेत. उशिरा आल्यास काय, कापड खराब झाल्यास काय, कामावरून कधी काढले जाईल, हे गिरणीगणिक आणि जॉबरगणिक, म्हणजे मुकादमागणिक, बदलत असे. 1928 च्या मोठ्या संपात गिरणीमालकांनी आणू पाहिलेले स्थायी नियम हा वादाचा एक मुख्य विषय होता आणि नंतर फॉसेट समितीने ते नियम कलमवार तपासले. 1938 च्या मुंबई औद्योगिक विवाद कायद्याने स्थायी आदेश बंधनकारक केले आणि 1946 मध्ये देशभरासाठी कायदा झाला. नियम आधी ठरलेले असावेत, लिहिलेले असावेत आणि ते कामगाराला माहीत असावेत, या तिन्ही गोष्टी त्या कायद्याच्या उद्देशिकेतच आहेत.

फाउंड्री_कोल्हापूर

मी मालकाच्या बाजूने लिहितो आहे, राग मानू नये. माझ्याकडे साठेक लोक आहेत. प्रेसवर किंवा ओतकामाजवळ उभ्या माणसाच्या हातात मोबाइल असणे किती धोक्याचे आहे, हे ज्याने बोटे गेलेली पाहिली आहेत त्यालाच कळते. अशा वेळी मी प्रमाणन अधिकाऱ्याकडे दुरुस्तीचा अर्ज करून महिनोन्‌महिने थांबायचे का? सुरक्षेसाठी नोटीस काढण्याचा अधिकार मालकाला नसेल, तर अपघाताची जबाबदारी तरी मालकावर का टाकता?

टाइमऑफिस_निवृत्त

आपला प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर आपल्या बाजूचे आहे. सुरक्षेची सूचना देण्यासाठी स्थायी आदेश बदलावे लागत नाहीत, कारण जाहीर केलेली सुरक्षा सूचना न पाळणे हे यादीत आहेच. पण ‘जाहीर केलेली’ या शब्दात मालकावरही भार आहे. सूचना त्या विभागात, तिथल्या लोकांच्या भाषेत लावलेली असावी, पाळीच्या सुरुवातीला पर्यवेक्षकाने ती सांगितलेली असावी आणि शक्य तर हजेरीपत्रकावर तशी नोंद असावी. आपण असे करत असाल तर आपल्याला अडचण येणार नाही.

सुरक्षा सूचना आणि शिस्तीचा नवा नियम यांत मात्र फरक आहे. मशीनजवळ मोबाइल नको, ही सुरक्षा सूचना झाली. कारखान्यात काय चालते याचा फोटो कोणी काढू नये, हा शिस्तीचा नवा नियम झाला. औद्योगिक विवाद कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत शिस्तीचे नवे नियम आणण्याचा उल्लेख होता, आणि ते स्थायी आदेशांत आधीपासून नसतील तर कलम 9-अ प्रमाणे 21 दिवसांची बदलाची नोटीस द्यावी लागत असे. नव्या औद्योगिक संबंध संहितेनेही 21 दिवसांची ही अट ठेवली आहे. चाकणच्या नोटिशीत दोन्ही उद्देश एकत्र केलेले दिसतात. शिवाय या चार्जशीटमध्ये सुरक्षा सूचनेचे कलम लावलेलेच नाही, हे लक्षात घ्या. गार्ड नसलेल्या मशीनच्या फोटोबद्दल ते कलम लावले असते, तर गार्ड कोणी काढला हा प्रश्न चौकशीत पहिल्या दिवशीच आला असता.

आता फलकाचा मुद्दा. 1946 च्या कायद्याचे कलम 9 असे सांगत होते की, अंतिम प्रमाणित झालेला मजकूर इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत, ज्या दारातून बहुसंख्य कामगार आत येतात त्या दाराजवळ आणि शिवाय कामगार काम करतात त्या प्रत्येक विभागात, खास त्यासाठी ठेवलेल्या फलकांवर ठळकपणे लावावा. विभागातील फलकाची अट फार कारखान्यांत पाळलेली मी पाहिली नाही. गेटवर एक पेटी टांगली की काम झाले, असा समज आहे. त्या गेटमधून कामगार चार मिनिटांत पंचिंगला पळत असतो. तिथे उभे राहून पंचवीस-तीस कलमे कोण वाचणार?

पण फलक नाही म्हणून स्थायी आदेशच नाहीत, हे सातपूर_युनियन यांचे म्हणणे टिकणार नाही. त्याच कायद्याच्या कलम 7 प्रमाणे स्थायी आदेश लागू होण्याचा दिवस हा प्रमाणित प्रती दोन्ही पक्षांना पाठवल्यापासून 30 दिवसांनी येत असे. फलक लावण्याशी तो दिवस जोडलेला नव्हता. फलक न लावल्यास मालकावर दंडाची कारवाई होऊ शकते, पण आदेश रद्द होत नाहीत. आणि नीट विचार केला तर ते रद्द होणे कामगारांच्याही हिताचे नाही. चार्जशीट लेखी हवी, चौकशीत साक्षीदार तपासता यावेत, सहकारी किंवा युनियनचा पदाधिकारी सोबत असावा, हे सारे त्याच आदेशांत आहे.

मग फलकाचा उपयोग कुठे होतो? ‘हेतुपुरस्सर’ या शब्दाजवळ. पहिला आरोप हेतुपुरस्सर अवज्ञेचा आहे. आदेश माहीत असून तो मोडला, हे सिद्ध करण्याचे ओझे व्यवस्थापनावर आहे. इंग्रजी न येणाऱ्या माणसाला कॅन्टीनजवळची इंग्रजी नोटीस समजली होती, हे ते कसे सिद्ध करणार? पर्यवेक्षकाने तोंडी सांगितले होते अशी साक्ष येईल. म्हणून उलटतपासणीत विचारावे की, कोणत्या दिवशी, कोणत्या पाळीत, कोणाकोणासमोर आणि कोणत्या भाषेत सांगितले. अशा साध्या प्रश्नांवर बरेच आरोप ढासळतात.

रेखा_इचलकरंजी

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, तरी इथेच विचारते. माझे यजमान सूतगिरणीत होते. सासूबाई आजारी म्हणून सहा दिवसांची रजा घेऊन गावी गेले आणि दवाखान्यामुळे आणखी पंधरा दिवस राहिले. फोनवर सुपरवायझरला कळवले होते. परत आल्यावर गेटवरच सांगितले की तुमचे नाव पटावरून कमी झाले आहे. हातात पत्र दिले ते असे की, स्थायी आदेशांप्रमाणे तुम्ही स्वतःहून नोकरी सोडली आहे. चार्जशीट नाही, चौकशी नाही. असे करता येते का?

टाइमऑफिस_निवृत्त

ताई, हे वेगळे नाही. इथेही कामगाराला न विचारता नियम त्याच्यावर चालवला गेला आहे.

रजेनंतर ठरावीक दिवसांत न आल्यास नोकरीवरचा हक्क जातो, अशी कलमे अनेक ठिकाणी आहेत, आणि 1963 मधील बकिंगहॅम अँड कर्नाटिक मिलच्या निकालाचा आधार त्यांना मिळत असे. पुढे 1993 मध्ये डी. के. यादव यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने भूमिका स्पष्ट केली. तिथे आठ दिवसांहून अधिक गैरहजेरीमुळे नाव आपोआप कमी केले होते. न्यायालयाने म्हटले की कलमात लिहिलेले नसले तरी कामगाराला बाजू मांडण्याची संधी दिल्याशिवाय असे करता येणार नाही. त्याला पुन्हा कामावर घेण्याचा आणि निम्मे थकीत वेतन देण्याचा आदेश झाला. चौकशी किती मोठी असावी यावर नंतरच्या निकालांत फरक आहे. काही प्रकरणांत नोटीस देऊन खुलासा मागणे पुरेसे मानले गेले. तुमच्या यजमानांना तेवढीही संधी मिळालेली दिसत नाही.

दवाखान्याची कागदपत्रे, सुपरवायझरला केलेल्या फोनची नोंद आणि ते पत्र घेऊन लवकर कामगार कार्यालयात किंवा वकिलांकडे जा. मुदत जाऊ देऊ नका. कामावर हजर होण्याची तयारी असल्याचे पत्र आजच रजिस्टर पोस्टाने गिरणीला पाठवा. नाही तर ते पुढे म्हणतील की कामगार परत आलाच नाही.

टूलरूम_चाकण

सर्वांचे आभार. सहकाऱ्याने चार्जशीट घेतली आहे आणि खुलाशासाठी सात दिवसांची वाढीव मुदत लेखी मागितली, ती मिळाली.

आम्ही आणखी एक गोष्ट केली. युनियनच्या सचिवांनी प्रमाणन अधिकाऱ्याच्या कार्यालयातून आमच्या कारखान्याच्या स्थायी आदेशांची प्रमाणित प्रत फी भरून मिळवली. ती आणि गेटवरच्या पेटीतील मजकूर आम्ही शेजारी ठेवून वाचला. गेटवरच्या मजकुरात गैरवर्तनाच्या यादीच्या शेवटी एक ओळ वेगळ्या टाइपात आहे: ‘कॅमेरा, मोबाइल किंवा तत्सम उपकरण परवानगीशिवाय जवळ बाळगणे’. प्रमाणित प्रतीत ही ओळ नाही. त्यानंतर दुरुस्ती झाल्याची नोंदही कार्यालयात नाही. चार्जशीटमध्ये या ओळीचा आधार घेतलेला नाही.

दुसरे म्हणजे, शिस्तीला बाधक कृत्याच्या कलमात ‘आस्थापनेच्या आवारात’ असे शब्द आहेत. आणि कार्यपद्धतीचे नियम मोडण्याबाबतच्या कलमात ‘वारंवार’ हा शब्द आहे. सहकाऱ्याचा मागील रेकॉर्ड स्वच्छ आहे.

टाइमऑफिस_निवृत्त

फार चांगले केले. प्रमाणित स्थायी आदेशांची नोंदवही त्या कार्यालयात असते आणि फी भरून कोणालाही प्रत मागता येते, हे बहुतेक कामगारांना माहीत नसते.

वेगळ्या टाइपातील ओळीला स्थायी आदेश म्हणून काही किंमत नाही. कायदा ‘अंतिम प्रमाणित झालेला मजकूर’ लावा असे म्हणतो. त्यात भर घालायची तर दुरुस्तीचा अर्ज करून युनियनला ऐकूनच घालावी लागते. चार्जशीट करणाऱ्याने ती ओळ वापरली नाही, यावरून त्याला हे ठाऊक असावे असे मला वाटते. खुलाशात मात्र यावर फार जोर देऊ नका. प्रमाणित प्रत जोडा, ही ओळ त्यात नाही एवढे एका वाक्यात नोंदवा आणि पुढे जा. गेटवरील फलकाचे फोटो काढायला कोणी जाऊ नये, हे सांगायला नको. सचिवांनी लेखी पत्र देऊन फलकाच्या पाहणीची मागणी करावी.

गोपनीय माहितीच्या आरोपावर दोन गोष्टी लिहा. एक, गार्ड नसलेली मशीन ही त्या विभागात सर्वांना दिसत होती. ती प्रक्रियेची गुप्त माहिती नव्हती. दोन, गटातील सगळे त्याच कारखान्याचे कामगार असतील, तर ‘अनधिकृत व्यक्ती’ कोण, हे चार्जशीटने सांगितलेले नाही. आरोपपत्रात गैरवर्तन आणि त्याची परिस्थिती स्पष्ट लिहिलेली असावी लागते. गटात कंत्राटदाराची किंवा नोकरी सोडून गेलेली माणसे असतील, तर मात्र हा मुद्दा जपून मांडा.

वकील_नगर

एक मूलभूत प्रश्न राहून जातो आहे. औद्योगिक संबंध संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आली आहे. तिच्यात स्थायी आदेशांचे प्रकरण 300 किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनाच लागू आहे. 1946 च्या कायद्यात ही संख्या 100 होती आणि महाराष्ट्रात 50. चाकणच्या कारखान्यात 180 कामगार आहेत. मग तिथे स्थायी आदेश आज लागू आहेत का? माझ्या मते नाहीत. व्यवस्थापनाने अजून हा मुद्दा घेतलेला नाही एवढेच.

टाइमऑफिस_निवृत्त

मला हे इतके सरळ वाटत नाही. पूर्वीचे स्थायी आदेश संहितेशी विसंगत नसतील तेवढ्या मर्यादेत चालू राहतील, अशी तरतूद संहितेत आहे. शिवाय ज्या अटींवर माणूस इतकी वर्षे काम करत आला, त्या एका दिवसात नाहीशा होतात असे मानणे कठीण आहे. आणि इथे खुद्द व्यवस्थापनाने त्याच आदेशांखाली चार्जशीट दिली आहे. शिक्षेसाठी आदेश चालतात आणि बचावासाठी चालत नाहीत, असे त्यांना म्हणता येणार नाही.

वकील_नगर

चालू ठेवण्याची ती तरतूद त्याच प्रकरणात आहे, आणि ते प्रकरणच 300 पेक्षा कमी कामगारांच्या आस्थापनेला लागू नाही, असा युक्तिवाद होणारच. वर्षानुवर्षांच्या सेवाशर्तींचा आपला मुद्दा मला पटतो, पण तो वेगळ्या मार्गाने, म्हणजे सेवाशर्तीत बदल करण्यापूर्वीच्या 21 दिवसांच्या नोटिशीच्या आधारे मांडावा लागेल. व्यवस्थापनाने स्वतःच त्या आदेशांचा आधार घेतला हा मुद्दा मजबूत आहे, तो खुलाशात जरूर लिहावा. बाकीचे उच्च न्यायालयांकडून स्पष्ट होईपर्यंत दोन्ही बाजूंना जोखीम आहे.

सातपूर_युनियन

300 च्या अटीमुळे आमच्या पट्ट्यातील बहुतेक लहान-मध्यम कारखाने बाहेर जातील, ही मोठी हानी आहे. तिथल्या कामगाराला कोणत्या गोष्टीला शिक्षा आहे हे नियुक्तिपत्रावरूनच कळणार, आणि नियुक्तिपत्र तर मालक एकटाच लिहितो. उत्तर न देण्याबाबतचा माझा सल्ला मी मागे घेतो. यादीबद्दलचे माझे मत मात्र कायम आहे.

कंत्राटी_रांजणगाव

आम्ही कंत्राटी कामगार त्याच प्रेसवर काम करतो. मोबाइलची नोटीस आम्हालाही दाखवतात. आमच्यापैकी एकाकडे मोबाइल सापडला तर चार्जशीट वगैरे काही नसते, दुसऱ्या दिवशी गेट पास बंद होतो. आम्हाला कुणाचे स्थायी आदेश लागू?

टाइमऑफिस_निवृत्त

कायद्याने आपला मालक कंत्राटदार आहे, त्यामुळे त्याच्या आस्थापनेला स्थायी आदेश लागू असतील तर ते आपल्याला लागू. कंत्राटदाराकडे पुरेशी कामगारसंख्या नसेल तर तेही नाही. गेट पास बंद करणे ही कोणत्याच यादीतील शिक्षा नाही, परंतु परिणाम नोकरी जाण्याचाच होतो. मुख्य मालकाच्या आदेशाने पास बंद झाला असे लेखी मिळवता आले, तर पुढे वादासाठी आधार मिळतो. याहून भक्कम उत्तर माझ्याकडे नाही आणि हे मला खटकते.

टूलरूम_चाकण

खुलासा दिला. व्यवस्थापनाला तो समाधानकारक वाटला नाही आणि चौकशी अधिकारी म्हणून बाहेरच्या एका वकिलांची नेमणूक झाली आहे. सहकाऱ्याला कालपासून ‘घरी थांबा’ असे तोंडी सांगितले आहे. चौकशीची नोटीस इंग्रजीत आहे. त्याने कामकाज हिंदीत चालवण्याची मागणी केली आहे. गार्डच्या बाबतीत सचिवांनी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे स्वतंत्र तक्रार दिली. पहिल्या तारखेला काय जपावे?

टाइमऑफिस_निवृत्त

तोंडी ‘घरी थांबा’ याला निलंबन म्हणत नाहीत. आजच लेखी विचारा की हे निलंबन आहे का, असल्यास आदेश द्या, नसल्यास कामावर घ्या. रोज पाळीच्या वेळी गेटवर हजर राहून सुरक्षारक्षकाच्या वहीत नोंद करण्याचा प्रयत्न करावा. निलंबन असेल तर निर्वाह भत्ता पहिल्या 90 दिवसांसाठी वेतनाच्या निम्मा आणि त्यापुढे, विलंब कामगारामुळे झालेला नसेल तर, 75 टक्के मिळतो. नव्या संहितेप्रमाणे निलंबनानंतरची चौकशी साधारणपणे 90 दिवसांत संपवायची असते.

भाषेबाबत: आपल्या आदर्श स्थायी आदेशांत चौकशीच्या भाषेची पसंती कामगाराला दिलेली आहे. तुमच्या प्रमाणित प्रतीत ते कलम कसे लिहिले आहे ते पाहा आणि मागणी पहिल्याच दिवशी कामकाजात नोंदवून घ्या. सोबत बसणारा प्रतिनिधी त्याच विभागातील सहकामगार किंवा युनियनचा पदाधिकारी असावा. प्रतिनिधी म्हणून बाहेरचा वकील चौकशी अधिकारी मान्य करतीलच असे नाही. पण व्यवस्थापनाने कायदेतज्ज्ञ आणला असेल तर ती मागणी करून ठेवावी.

प्रत्येक तारखेच्या कामकाजावर सही करण्यापूर्वी ते त्याला हिंदीत वाचून दाखवायला सांगा. एखादे वाक्य त्याने सांगितल्याप्रमाणे उतरलेले नसेल, तर सही नाकारू नये. सहीच्या वर ‘अमुक वाक्य मी असे सांगितले नव्हते’ हे त्याने स्वतःच्या हाताने, हिंदीत लिहावे आणि त्या दिवसाची प्रत घेतल्याशिवाय खोलीबाहेर पडू नये.